फ्रिक्शन बोल्ट दुप्पट ताकदीचा?

फिरणारा मेसेज: ‘एचएसएफजी बोल्ट साध्या बोल्टपेक्षा दुप्पट भार घेतो. बीमच्या स्प्लाइसमध्ये निम्मे बोल्ट पुरतात. गंज लागू नये म्हणून कव्हर प्लेट आतून-बाहेरून रेड ऑक्साइड मारूनच बसवा.’

एचएसएफजी म्हणजे इतका आवळलेला बोल्ट, की प्लेटांमधल्या घर्षणानेच भार जातो; स्प्लाइस म्हणजे बीमचे दोन तुकडे टोकाला टोक जोडायची जागा. दुप्पट भाराचं आधी बघू. आयएसएमबी ४५० बीमचा जोड घ्या, तिथे मोमेंट १८० किलोन्यूटन-मीटर (फॅक्टर लावलेला). सगळा मोमेंट फ्लँजवर सोडला तर दोन फ्लँजच्या मध्यांमधलं अंतर ०.४३२६ मीटर धरून एका फ्लँजमध्ये बल येतं १८० ÷ ०.४३२६, म्हणजे ४१६ किलोन्यूटन. बोल्ट एम२०, ग्रेड ८.८. तो साधाच कसून बेअरिंगवर, म्हणजे भोकाच्या कडेला टेकून भार घ्यायला ठेवला, तर आटे कापाच्या रेषेत धरूनही शिअरमध्ये ९० किलोन्यूटन घेतो. पाच पुरतात, जोडीने सहा लावायचे.

आता हाच बोल्ट घर्षणावर. आयएस ८००:२००७ प्रमाणे त्याचा आवळल्यावरचा ताण आट्यांचं क्षेत्रफळ २४५ × ०.७ × बोल्टची ताकद ८००, म्हणजे १३७ किलोन्यूटन. ग्रिट ब्लास्ट केलेल्या पृष्ठभागाचा घर्षणांक ०.५ आणि सुरक्षा गुणक १.२५ धरला, तर एका बोल्टची घर्षणक्षमता भरते ५५. स्प्लाइसच्या प्रत्येक बाजूला आठ बोल्ट लागले. कमी नाही, जास्तच! घर्षणाचा जोड बोल्ट वाचवायला करत नाहीत. क्रेन गर्डरसारख्या ठिकाणी जोड सरकू नये म्हणून करतात.

‘निम्मे’ कुठून आलं असेल, याचा अंदाज आहे. फ्लँजच्या आतूनही पट्ट्या लावल्या की घासणारे पृष्ठभाग दोन होतात, क्षमता ११० होते आणि चार बोल्टांत भागतं. पण ही करामत पट्ट्यांची. साध्या बोल्टलाही कापाच्या दोन रेषा मिळाल्या की त्याचं शिअर दुप्पटच होतं. शिवाय फक्त रोजच्या भारालाच सरकू द्यायचं नसेल, तर फॅक्टर न लावलेलं बल धरून गुणक १.१० चालतो आणि एका प्लेटवरही सहांत जमतं. पुढचा भार मग शिअर-बेअरिंगवर तपासायचा.

खरा धोका रंगाचा. याच कोडात रेड लेड, म्हणजे रेड ऑक्साइडसारखाच लाल प्रायमर लावलेल्या पृष्ठभागाचा घर्षणांक ०.१ आहे. आठांच्या जागी अडतीस बोल्ट! फ्लँजवर मावणार कुठे? काहीच न करता तशीच बसवलेली प्लेटसुद्धा ०.२ देते. गंजाची भीती असेल तर ब्लास्टवर इथाइल झिंक सिलिकेट घ्या, घर्षणांक ०.३. तेव्हाही तेरा लागतात, म्हणजे जोडीने चौदा. नाहीतर आतली बाजू कोरी ठेवून जोड आवळल्यावर कडा बाहेरून रंगवा.

एका शेडमध्ये मी असाच आतून रंगवलेला जोड पाहिला. प्लेटच्या कडेला रंगाची रेघ तुटलेली, बाजूला चकचकीत घासलेला पट्टा. बोल्ट एकही तुटला नव्हता. २२ मिलिमीटरच्या भोकात सरकून टेकले होते, इतकंच. टॉर्क रेंचचं रीडिंग मात्र बरोबर होतं. त्यावरून बोल्टमधला ताणही नीट कळत नाही, कारण गंजलेल्या आट्यात टॉर्क घर्षणातच जिरतो. आणि प्लेटांमध्ये रंग आहे की ब्लास्ट, हे तर कुठलाच पाना सांगत नाही.