जोडबिंदूवरचा k आणि विसरायला सांगितलेली सीमा

«k काढायच्या प्रश्नात लिमिट विसरा. १) जोडबिंदूची x दोन्ही सूत्रांत टाका, दोन्ही समान धरा, k मिळाला. २) 0/0 आलं तर सरळ k = 0 लिहा. ३) k नेहमी मिळतोच, आणि एकच मिळतो. ४) k मिळाला की फंक्शन सगळीकडे कंटिन्युअस. मित्रांना पाठवा.»

नाशिकच्या अकरावी-बारावीच्या मुलांमध्ये हा निरोप इतका फिरला आहे, की कॉलेज रोडवरच्या माझ्या शिकवणीत एकाच आठवड्यात तिघांनी तो मला दाखवला, आणि त्यांतल्या एकाने तो वहीच्या पहिल्या पानावर उतरवूनही घेतला होता. ज्या प्रश्नांसाठी तो आहे, त्यांत वेगवेगळ्या सूत्रांचे तुकडे जोडून बनवलेले फलन दिलेले असते, आणि ते तुकडे जोडबिंदूवर सांधले जाऊन फलन तेथे संतत, म्हणजे कंटिन्युअस, व्हावे यासाठी k ही अज्ञात संख्या काढायची असते. निरोपातला प्रत्येक मुद्दा कुठवर खरा आहे आणि कुठून पुढे खोटा ठरतो, हे मुख्यतः एकाच उदाहरणाच्या आधाराने येथे पाहतो.

पहिला मुद्दा सरसकट खोटा नाही, आणि म्हणूनच तो जास्त धोक्याचा आहे. x = 2 येथे k²x − 3 आणि kx + 9 अशी दोन सूत्रे जुळवायची असतील, तर 2 ही किंमत दोन्हींत टाकून उत्तर बरोबरच येते. मात्र ते का येते, हे निरोपात सांगितलेले नाही. एखादे फलन a या बिंदूवर संतत असण्याची अट अशी, की a कडे डावीकडून येताना मिळणारी सीमा, उजवीकडून येताना मिळणारी सीमा आणि f(a) ही प्रत्यक्ष किंमत, या तिन्ही गोष्टी अस्तित्वात असाव्यात आणि समान असाव्यात. बहुपदी फलन प्रत्येक बिंदूवर संतत असल्यामुळे तिची सीमा आणि किंमत टाकून मिळणारी संख्या एकच असते. म्हणजे तेथे विद्यार्थी सीमा विसरलेला नसतो, त्याला ती आयती मिळालेली असते. सूत्र स्वतःच जोडबिंदूवर अर्थहीन होत असेल, तर ही सोय राहत नाही. पुढचे फलन पाहा.

```
f(x) = (1 − cos 6x) / x²        , x < 0
     = k                        , x = 0
     = x / (√(81 + x) − 9)      , x > 0
```

येथे x = 0 टाकले तर दोन्ही सूत्रांत अंशही शून्य आणि छेदही शून्य. समान धरायला हातात काहीच उरत नाही, म्हणून सीमा काढावीच लागते.

डाव्या बाजूला 1 − cos 6x = 2 sin² 3x हे नित्यसमीकरण वापरले, की अपूर्णांक 2 (sin 3x / x)² असा होतो. त्यातल्या कंसाच्या आत 3 ने गुणून 3 ने भागले, तर 2 · 9 · (sin 3x / 3x)² मिळते, आणि x शून्याकडे जाताना sin 3x / 3x ची सीमा 1 असल्यामुळे डावी सीमा 18 येते. उजव्या बाजूला अंश आणि छेद दोन्हींना √(81 + x) + 9 ने गुणावे. छेदात (81 + x) − 81, म्हणजे नुसता x उरतो, तो अंशातल्या x शी जातो आणि √(81 + x) + 9 एवढेच शिल्लक राहते. त्याची सीमा 9 + 9, म्हणजे 18. दोन्ही बाजू 18 वर येऊन थांबतात, म्हणून k = 18.

येथे एका पायरीवर थोडे थांबायला हवे, कारण उत्तरपत्रिकेत ती बहुतेक जण डोळे मिटून लिहितात. x ला x ने भागायची परवानगी कशी मिळाली? सीमा काढताना x शून्याच्या हवा तितका जवळ जातो, पण शून्य कधीच होत नाही, म्हणून भागाकार वैध ठरतो. भागाकार झाल्यावर उरलेले सूत्र मात्र शून्यावरही संतत आहे, आणि आता त्यात x = 0 टाकायला कोणाचीच हरकत नाही. किंमत टाकणे ही पद्धत चुकीची नाही, तिची जागा शेवटच्या ओळीत आहे. निरोप तिला पहिल्या ओळीत बसवतो.

दुसऱ्या मुद्द्याचा निकाल याच उदाहरणात लागतो. 0/0 ही संख्या नाही, तर «या रूपात उत्तर कळत नाही, सूत्राचे रूप बदला» अशी ती सूचना आहे. k = 0 लिहिले तर आलेखाचे दोन्ही भाग 18 उंचीला येऊन भिडतात आणि मधला एकटा बिंदू खाली आरंभबिंदूवर पडलेला राहतो. पटत नसेल तर गणकयंत्रावर पाहता येते. x = −0.1 घेतल्यास डावे सूत्र 17.466 देते, x = −0.01 घेतल्यास 17.9946 देते, आणि उजवीकडे x = 0.1 साठी 18.0056 येते. शून्याच्या आसपास शून्य कुठेही दिसत नाही.

असाच पडताळा घ्यायला सांगितल्यावर पंचवटीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने यंत्र माझ्यापुढे धरले. त्यावर x = −0.01 साठी 0.00548 अशी संख्या होती, आणि «सर, ही शून्याच्याच जवळ आहे ना, मग k = 0 बरोबर,» असे तिचे म्हणणे होते. यंत्र अंशांवर, म्हणजे डिग्रीवर, लावलेले होते. sin θ / θ ची सीमा 1 येते ती θ रेडियनमध्ये मोजला तरच. अंशात मोजल्यास प्रत्येक कोनामागे π/180 हा गुणक येतो, येथे त्याचा वर्ग होतो, आणि 18 × (π/180)² म्हणजे बरोबर 0.00548 च्या घरातली संख्या. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: त्रिकोणमितीय बाजू अगदी किरकोळ आणि वर्गमुळाची बाजू 18 असा विचित्र फरक दिसला, तर फलनावर संशय घेण्याआधी यंत्राच्या कोपऱ्यातले अक्षर पाहावे. रेडियनवर लावताच तिला 17.9946 मिळाले.

तिसऱ्या मुद्द्यात दोन दावे एकत्र बांधले आहेत, आणि दोन्ही टिकत नाहीत. वरच्याच फलनात 81 च्या जागी 64 आणि 9 च्या जागी 8 लिहा. डावी सीमा 18 च राहते, उजवी मात्र 8 + 8, म्हणजे 16 होते. आता k काय घ्यायचा? 18 घेतला तर उजवी बाजू तुटते, 16 घेतला तर डावी. काही विद्यार्थी मधला 17 घेतात, आणि तो तर दोन्हीकडून तुटतो. खोदून ठेवलेल्या गंगापूर रोडवर जोडीने दोन थर असावेत, एक उंच आणि एक खाली, आणि त्यांच्यामधल्या फटीत एक फरशी बसवून रस्ता सपाट करावा, असा हा प्रयत्न आहे. दोन्ही थर एकाच उंचीचे असते तर फरशी चालली असती. येथे k फक्त एका बिंदूची किंमत ठरवतो आणि सीमांना हात लावू शकत नाही, म्हणून सीमाच वेगळ्या असतील तर «असा k अस्तित्वात नाही» हेच पूर्ण उत्तर आहे.

म्हणून प्रश्न हाती घेतल्यावर आधी k कुठे बसला आहे ते पाहावे. तो एका बिंदूची किंमत म्हणून असेल, तर वर सांगितलेली मर्यादा लागू होते. तो एखाद्या सूत्राच्या आत असेल, तर आलेखाचा सबंध तुकडा हलवण्याची ताकद त्याच्याकडे येते. याच बदललेल्या फलनात f(0) = 18 ठरवून टाकले आणि उजव्या सूत्राला + k जोडला, तर 16 + k = 18 वरून k = 2 घेऊन जोड सांधता येतो. त्याच वेळी बरोबरीचे चिन्ह कोणत्या भागाला दिले आहे तेही पाहावे. एका सराव संचात मला x < 0 आणि x > 0 एवढेच छापलेले आढळले होते. तेथे f(0) दिलेलेच नव्हते, आणि जेथे फलनाला किंमत नाही तेथे ते संतत असूच शकत नाही.

k एकच मिळतो हा दावा मोडायला सुरुवातीची जोडी पुरते. x ≤ 2 साठी k²x − 3 आणि x > 2 साठी kx + 9 घेतले, तर 2k² − 3 = 2k + 9, म्हणजे k² − k − 6 = 0, आणि k = 3 किंवा k = −2. पहिल्या किमतीला दोन्ही तुकडे 15 उंचीवर भेटतात, दुसऱ्या किमतीला 5 वर. दोन्ही उत्तरे लिहिली पाहिजेत. ऋण उत्तर «चालत नाही» म्हणून खोडण्याची सवय लांबी-रुंदीच्या शाब्दिक उदाहरणांतून येते, पण येथे k ही लांबी नाही. आणि kx² व kx हे तुकडे x = 1 येथे जोडले, तर k ची कोणतीही किंमत चालते.

चौथ्या मुद्द्यासाठी एक छोटे फलन पुरेसे आहे: x ≤ 1 साठी 2x, आणि x > 1 साठी k/(x − 3). जोडबिंदूवर डावीकडून 2 आणि उजवीकडून −k/2 येते, म्हणून k = −4. सांधा पक्का बसला. पण उजवा तुकडा आता −4/(x − 3) आहे, x = 2.9 ला त्याची किंमत 40 आहे, x = 3.1 ला −40 आहे, आणि x = 3 ला त्याला किंमतच नाही. प्रश्नात «x = 1 येथे संतत» असे शब्द असतील तर −4 हे पूर्ण उत्तर आहे. «सर्व वास्तव x साठी संतत» असे शब्द असतील, तर −4 लिहून थांबणाऱ्याचे उत्तर चुकते, कारण k ची कोणतीही किंमत घेतली तरी x = 3 येथे छेद शून्यच राहतो.