आगाऊ रक्कम मागण्याचा उद्धटपणा टाळावा

स्वतंत्रपणे डिझाइनचे काम करणाऱ्याने ग्राहकाकडे आगाऊ रक्कम कधीही मागू नये. पन्नास टक्के सुरुवातीला, तीस टक्के संकल्पना मंजूर झाल्यावर आणि उरलेले वीस टक्के मूळ फाइल देण्यापूर्वी, अशी मागणी करणारे लोक असतात. त्यांना पैसे वेळेवर मिळतात, पण असल्या व्यवहारी माणसांत रसिकता ती कुठली? आपण ‘नेट थर्टी’, म्हणजे तीस दिवसांत पैसे, असे लिहावे आणि हे तीस दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, हे मात्र मोघम ठेवावे. ‘अंतिम मंजुरीनंतर’ हे शब्द त्यासाठी उत्तम, कारण ती मंजुरी कधी द्यायची हे सर्वस्वी ग्राहकाच्या हाती राहते.

समजा, पुण्यातल्या एका मसाला उत्पादकासाठी आपण पाकिटांचे डिझाइन केले. मेहनताना ८०,००० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी १४,४०० रुपये. आपण उत्साहाने २८ जूनलाच बिल दिले. ग्राहकाच्या मेहुण्याला मिरचीचा लाल रंग जरा ‘थंड’ वाटल्यामुळे मंजुरी ५ ऑगस्टला आली आणि तीस दिवस ४ सप्टेंबरला संपले. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या आपल्याला मात्र जूनच्या बिलावरचा कर २० जुलैपर्यंत भरावा लागला, कारण बिलाची रक्कम हाती आली की नाही, याची चौकशी सरकार करत नाही. न मिळालेल्या पैशांवरचा कर स्वतःच्या खिशातून भरण्याचे हे समाधान आगाऊ रक्कम घेणाऱ्यांच्या नशिबी नसते.

कायद्याच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये. काम घेण्याआधी करायची छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते, म्हणूनच ती संशयास्पद मानावी. ती केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि लेखी करार असला तरी मुदत पंचेचाळीस दिवसांपुढे जाऊ शकत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढीने, व्याज लागते. ग्राहकाला हे एका ओळीत बिलावर कळवणे म्हणजे केवढा अविश्वास!

राहिली मूळ फाइल. पैशांआधी केवळ कमी रिझोल्यूशनची, आडवा शिक्का मारलेली प्रतिमा दाखवण्याची कंजुषी करू नये. सगळे थर उघडे असलेली, फॉन्टसकट फाइल पहिल्याच ‘जरा छापखान्याला दाखवायची होती’ या निरोपावर पाठवून द्यावी. पुढे पाकिटे दुकानांत लागतील, ग्राहकाचा चुलत भाऊ त्याच फाइलमध्ये हळदीचे पाकीट परस्पर तयार करून घेईल, आणि आपण दर सोमवारी ‘सर, पेमेंटचं तेवढं बघाल का?’ असा अत्यंत नम्र संदेश लिहीत बसू.