तक्रार काहीच नव्हती

मूल होत नाही म्हणून जोडपं येतं आणि तपासण्या सुरू होतात बाईच्या. नवऱ्याचं म्हणणं ठरलेलं असतं, "मला काय झालंय? मी तर धडधाकट आहे." वीर्यतपासणीच्या लॅबमध्ये काम करताना हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसले.

१९७७ सालची, कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यातली गोष्ट सांगते. तिथे डीबीसीपी नावाचं, जमिनीतल्या सूत्रकृमी मारायचं औषध बनायचं. जेवणाच्या सुट्टीत गप्पा मारता मारता कामगारांच्याच लक्षात आलं, की आपल्यात बऱ्याच दिवसांत कुणाच्या घरी पाळणा हललेला नाही. तपासणी झाली. ज्यांचे शुक्राणू जवळपास संपले होते, ते सगळे तीन वर्षं किंवा जास्त तिथे राबलेले. ज्यांची संख्या चांगली होती, त्यांना त्या कामावर तीन महिन्यांपेक्षा जास्त झाले नव्हते. पुढे काहींची संख्या सुधारली, काहींची कधीच नाही.

या पुरुषांना त्रास मात्र काहीच जाणवत नव्हता. वृषणात शुक्राणू बनवणाऱ्या पेशी वेगळ्या आणि टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या वेगळ्या. डीबीसीपीने पहिल्या मारल्या, दुसऱ्या बऱ्याच अंशी वाचल्या. त्यामुळे दाढी, ताकद, इच्छा सगळं जागच्या जागी. बिघाड दिसला तो वीर्याच्या नमुन्यात आणि रक्तातल्या वाढलेल्या एफएसएचमध्ये. शुक्राणू बनेनासे झाले की मेंदूतली ग्रंथी हे संप्रेरक जास्त सोडते. "धडधाकट आहे" या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही.

डीबीसीपी अमेरिकेत १९७९ मध्ये जवळजवळ बंद झालं. आजची फवारणीची औषधं वेगळी आहेत आणि प्रत्येकाचा पुरावा इतका पक्का नाही. पण फवारताना अंगात शिरायची मुख्य वाट म्हणजे कातडी. पाठीवरचा पंप गळतो, पाणी कमरेवरून चड्डीत उतरतं, माणूस तसाच ओळी संपवतो. पॅराथिऑन या कीटकनाशकावरच्या जुन्या प्रयोगात हातावर लावलेल्यातलं दहा टक्क्यांहूनही कमी शरीरात गेलं, वृषणाच्या कातडीवरचं जवळपास सगळं. नाकाला फडकं बांधता ना? मग आधी पंपाचा वायसर बदला आणि भिजलेले कपडे तिथल्या तिथे उतरवा.

प्लास्टिकबद्दल मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. प्लास्टिक मऊ करणारी काही थॅलेट्स गाभण उंदरीला दिली की नर पिल्लांचं टेस्टोस्टेरॉन गर्भातच घटतं, हे नक्की. मोठ्या माणसांतल्या अभ्यासांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. थॅलेट्स साधारण दिवसभरात लघवीवाटे निघून जातात, पण संपर्क रोजचा असल्याने पुन्हा येत राहतात. गरम अन्न प्लास्टिकमध्ये ओतू नये, एवढं मी घरी पाळते.

शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. आजचा नमुना मागच्या फवारणीबद्दल सांगत असतो. म्हणून रिपोर्ट कमी आला तर फवारणी थांबवून तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. मधे मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा, त्यानेही संख्या पडते. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा: कोणतं औषध, किती दिवस, अंग भिजलं होतं का. डबा फेकला नसेल तर घेऊनच या.