एका कोल्हापुरीमागे खरे किती उरतात: दुकानाकडून उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (दोन तारे): “हीच कोल्हापुरी मी ऑनलाइन १,२६० ला घेतली आणि महिन्याभराने तुमच्या दुकानात ९४५ चा भाव पाहिला. ऑनलाइन कंपनीचं कमिशन बारा टक्के, म्हणजे दीडशे रुपये. ते सोडले तरी वरचे १६५ रुपये तुमच्याच खिशात ना? शिवाय साइज बदलून मागितला तर ‘रिटर्न करा आणि नवीन मागवा’ असं उत्तर. बाहेरगावच्या माणसाला सरळसरळ फसवणं आहे हे.”

दुकानाचे उत्तर:

नमस्कार. आपण आकडे मांडून विचारले आहे, तेव्हा उत्तरही आकड्यांतच देणे योग्य. याच जोडाचा आमच्या वहीतील हिशेब, पैसे सोडून पूर्ण रुपयांत, पुढे देत आहोत.

चप्पल बांधणाऱ्या कारागिराला एका जोडाचे आम्ही ७०० रुपये देतो आणि हा आकडा दुकानातील जोडाला व ऑनलाइन जोडाला एकच आहे. दुकानातील ९४५ रुपयांत ५ टक्के जीएसटीचे ४५ रुपये धरलेले असतात, म्हणजे आमची विक्री ९०० ची. त्यातून ७०० कारागिराचे आणि पिशवी वगैरेचे १५ गेले की १८५ रुपये राहतात. दुकानाचे भाडे, वीज आणि दोन माणसांचे पगार त्यानंतरचे.

ऑनलाइन १,२६० रुपयांत जीएसटीचे ६० असतात, म्हणून विक्री १,२०० ची. कमिशन मात्र १,२०० वर नव्हे, तर करासह दिसणाऱ्या १,२६० वर लागते आणि ते १५१ रुपये होते. इथपर्यंत आपला अंदाज बरोबर आहे. त्याखेरीज प्रत्येक ऑर्डरवर ठरावीक ३० रुपये शुल्क आहे, पोहोचवण्याचे ८४ आहेत आणि खोके, कागद, चिकटपट्टी व बांधणाऱ्याची मजुरी मिळून ४० आहेत. जोड ग्राहकाकडे पोहोचला आणि ग्राहकाने तो ठेवला, तर या सगळ्यानंतर १९५ रुपये राहतात. जाहिरातीचा खर्च यात नाही, कारण ऑनलाइन जाहिरात आम्ही करत नाही. जे करतात त्यांनी तो याच ठिकाणी वजा करावा.

पोहोचवण्याच्या ८४ रुपयांबद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण हा आकडा वजनकाट्यावर ठरत नाही. जोडाचे वजन पाऊण किलोच्या आत असते, पण कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला ५,००० ने भागतात आणि येणारे वजन काट्यावरच्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर पैसे लावतात. शिवाय ते वजन वरच्या अर्ध्या किलोवर नेतात. पूर्वी आमचे खोके ३२ बाय २४ बाय १२ चे होते. त्याचे वजन १.८४ किलो निघे आणि बिल दोन किलोचे येई. आता दोन्ही चपला अंगठे एकमेकांत अडकवून समोरासमोर ठेवतो आणि खोके ३० बाय १४ बाय ११ चे वापरतो, ते ०.९२ किलो भरते आणि एका किलोच्या दरात बसते. मात्र बांधणाऱ्याने घाईत कागद जास्त कोंबला आणि झाकण फुगून उंची साडेबारा झाली, की तेच खोके १.०५ किलोचे होऊन दीड किलोच्या दरात जाते. हे खोक्याकडे पाहून कळत नाही. आठवड्याच्या हिशेबपत्रकात वाहतुकीच्या रकान्यात ८४ ऐवजी वेगळा आकडा दिसला की कळते, आणि तक्रार करायची तर खोक्यावर मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो लागतो. म्हणून खोके बंद केल्यावर फोटो काढण्याची शिस्त आम्ही ठेवली आहे.

बँकेत जमा होणारी रक्कम पाहून नफा काढू नये, हेही येथेच सांगतो, कारण आमच्याकडे चौकशीला येणारे बहुतेक नवे विक्रेते तोच आकडा धरतात. या ऑर्डरचे आमच्या खात्यात सुमारे ९४० रुपये येतात. त्यातून कारागिराचे ७०० वजा केले की २४० दिसतात आणि माणूस खूश होतो. कमिशन, शुल्क आणि वाहतूक यांच्यावर १८ टक्के जीएसटी कापून ही रक्कम आलेली असते. तो कर, म्हणजे ४८ रुपये, आम्हाला भरायच्या ६० रुपयांतून वळता होतो आणि उरलेले १२ रुपये रोखीने भरावे लागतात. ऑनलाइन कंपनीने आमच्या नावे आगाऊ कापलेला कर, म्हणजे टीसीएस अर्धा टक्का आणि टीडीएस ०.१ टक्का मिळून सात रुपये, हा खर्च नव्हे, ते विवरणपत्रात परत मिळतात. ९४० मधून ७००, पॅकिंगचे ४० आणि कराचे १२ वजा करा, सात मिळवा, की पुन्हा १९५ वरच येऊन थांबता. मात्र ज्या विक्रेत्याने जीएसटीत लहान व्यापाऱ्यांसाठीची कंपोझिशन योजना घेतली आहे, त्याला कर वळता करून घेता येत नाही; त्याच्यासाठी ते ४८ रुपये सरळ खर्चच आहेत.

आता परतीचा भाग, आणि आपल्या १६५ रुपयांचा मोठा वाटा इथेच जातो. आमच्याकडून शंभर जोड रवाना झाले, तर साधारण १२ दारातूनच परत येतात. यातल्या बहुतेक ऑर्डरी जोड पोहोचल्यावर पैसे देण्याच्या असतात. घरी कोणी नसते किंवा घेणाऱ्याचा विचार बदललेला असतो. त्यांची वाहतूक आमच्या करारानुसार आमच्यावर पडत नाही, फक्त पॅकिंगचे ४० रुपये वाया जातात. आणखी १४ जोड ग्राहक उघडून, घालून पाहून परत करतात आणि कारण बहुधा मापाचेच असते. अशा जोडाचे कमिशन आणि शुल्क परत मिळते, पण जाण्याचे ८४, येण्याचे १२० आणि पॅकिंगचे ४० असे २४४ रुपये आमच्या माथी बसतात.

त्या चौदांपैकी तीनेक जोड पुन्हा नवे म्हणून विकता येत नाहीत. कोल्हापुरीचा तळ चामड्याचाच असतो, त्यामुळे फरशीवर दहा पावले टाकली तरी तळाला पांढुरके चरे पडतात आणि ओल लागली तर काळसर डाग बसतो, तो पुसून जात नाही. रबरी तळाच्या चपलेला ही अडचण नाही. असे जोड आम्ही दुकानात कडेच्या टोपलीत ठेवतो आणि कर वगळता ४०० ला काढतो, म्हणजे प्रत्येकी ३०० चा तोटा.

शंभर जोडांचा हिशेब मग असा होतो. ठेवून घेतलेल्या ७४ जोडांचे प्रत्येकी १९५ प्रमाणे १४,४३० रुपये. दारातून परतलेल्या बारांचे ४८०, उघडून परतलेल्या चौदांचे ३,४१६ आणि खराब झालेल्या तिघांचे ९००, असे ४,७९६ त्यातून जातात आणि ९,६३४ राहतात. या रकमेला भागायचे ७४ ने, शंभराने नव्हे, कारण परतीचा सगळा भार ज्यांनी जोड ठेवला त्यांच्याच ऑर्डरींवर बसतो. म्हणजे एका ठेवलेल्या जोडामागे १३० रुपये. “१४ टक्के परत येतात आणि एका परतीला २४४ लागतात, म्हणजे ऑर्डरमागे ३४ रुपये धरू” असा सोपा हिशेब पुष्कळ जण करतात. तो अपुरा पडतो, कारण ३,४१६ ला ७४ ने भागले की ४६ येतात, आणि दारातून परतलेले व खराब झालेले जोड त्यातही नसतात.

तेव्हा १,२६० च्या जोडावर आम्हाला १३० रुपये मिळतात आणि ९४५ च्या जोडावर १८५. दुकानातील १८५ मधून भाडे जाते हे खरे, पण गोदाम आणि ऑर्डरी पाहणारा मुलगा यांचा खर्चही त्या १३० मधूनच जातो. ऑनलाइनही ९४५ चाच भाव ठेवला असता, तर ९०० मधून ७००, कमिशनचे ११३, शुल्काचे ३०, वाहतुकीचे ८४ आणि पॅकिंगचे ४० गेल्यावर, एकही जोड परत न येता, प्रत्येक जोडामागे ६७ रुपयांचा तोटा झाला असता.

मापाच्या बदलाबद्दल आपली नाराजी रास्त आहे, परंतु आपण जोड घेतला त्या ऑनलाइन मंचावर तो बदलून देण्याची सोयच नाही. तेथे परत करणे आणि नव्याने मागवणे एवढाच मार्ग आहे. प्रत्येक बदल आम्हाला २४४ रुपयांना पडतो, त्यामुळे तो टळावा अशी इच्छा आपल्यापेक्षा आम्हालाच जास्त आहे. शंभरात चौदाऐवजी तीस जोड परत येऊ लागले, तर वरच्याच पद्धतीने ठेवलेल्या जोडामागे जेमतेम २९ रुपये राहतात आणि ३३ च्या आसपास काहीच उरत नाही. या कारणाने आम्ही विक्रीच्या पानावर ७, ८, ९ या मापांबरोबर पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहितो. संध्याकाळी, पाऊल कागदावर टेकवून, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजावे; सकाळच्या मापात चप्पल पुढे घट्ट होते. नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस आवळच लागते आणि नंतर पट्टा सैल होतो, त्यामुळे केवळ आवळ वाटली म्हणून मोठे माप मागवले तर ती पुढे पायातून निसटते.

आपल्यासारख्या बाहेरगावच्या ग्राहकांसाठी दुकानाच्या क्रमांकावर थेट ऑर्डर घेतली जाते. भाव दुकानाचाच, ९४५ रुपये, आणि कुरिअरचे सुमारे १०० वेगळे. पैसे आगाऊ द्यावे लागतात. पॅकिंगचे ४० आम्ही सोसतो. माप चुकल्यास आपण जोड स्वखर्चाने आमच्याकडे पाठवावा, तळ कोरा असेल तर दुसरे माप आम्ही आमच्या खर्चाने पाठवू. आपल्याकडे असलेला जोड अजून घातलेला नसेल, तर तळाचा एक फोटो आणि पावलाची लांबी त्याच क्रमांकावर पाठवावी. मंचावरची मुदत संपली असली तरी याच अटीवर तो बदलून देऊ.