वेगाने व्होल्टेज वाढतंच. वेढ्यांनी वीज वाढेलच असं नाही

«घरी डायनॅमो बनवताय? मग तीन गोष्टी लक्षात ठेवा. कॉइलमधून सर्वात जास्त फ्लक्स जातो त्या क्षणी सर्वात जास्त व्होल्टेज मिळतं. वेग वाढवला तर फक्त फ्रिक्वेन्सी वाढते, व्होल्टेज नाही. म्हणून वेढे दुप्पट करा, वीज दुप्पट!»

हा मजकूर बारावीची मुलं आणि प्रकल्प करणारे डिप्लोमाचे विद्यार्थी एकमेकांना पाठवतात, आणि त्यावर भरवसा ठेवून तांब्याची तार विकत आणतात. तिन्ही विधानं चुकीची आहेत. तिसऱ्यात मात्र अर्धं सत्य आहे, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवावा लागेल.

एकच कॉइल डोळ्यांसमोर ठेवू. आयताकृती, 10 सेंमी लांब, 5 सेंमी रुंद, 200 वेढे, 0.1 टेस्लाच्या एकसमान चुंबकीय क्षेत्रात. आस लांबीला समांतर आणि मधोमध आहे, म्हणजे दोन्ही लांब बाजू आसापासून 2.5 सेंमीवर फिरतात. वेग मिनिटाला 1500 फेरे, म्हणजे सेकंदाला 25.

आधी फ्लक्सचा मुद्दा. व्होल्टेज फ्लक्स किती आहे यावर ठरत नाही, तो किती झपाट्याने बदलतोय यावर ठरतं. कॉइलचं प्रतल क्षेत्राला काटकोनात येतं तेव्हा फ्लक्स कमाल असतो, पण त्या क्षणी तो वाढायचा थांबलेला आणि कमी व्हायला अजून लागलेला नसतो. बदलाचा वेग शून्य, म्हणून व्होल्टेजही शून्य. दुसऱ्या बाजूने पाहा: त्या क्षणी लांब बाजू क्षेत्राला समांतर सरकत असतात, एकही क्षेत्ररेषा कापत नाहीत. पाव फेरा पुढे गेलं की प्रतल क्षेत्राला समांतर येतं, फ्लक्स शून्य होतो, आणि बाजू क्षेत्ररेषा थेट आडव्या कापतात. कमाल व्होल्टेज तिथे मिळतं.

या गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा कोनात असतं. e = NBAω sin ωt या सूत्रातला कोन क्षेत्र आणि कॉइलच्या प्रतलाला काढलेला लंब यांच्यातला आहे. प्रतलापासून कोन मोजला की sin आणि cos यांची अदलाबदल होते आणि उत्तर बरोबर उलटं येतं. तपासायचं असेल तर मध्यशून्य गॅल्व्हानोमीटर लावून कॉइल हाताने सावकाश फिरवा. कॉइल चुंबकाच्या ध्रुवाला तोंड देऊन उभी राहते तिथेच काटा शून्यावरून पलीकडे जातो.

आता वेग. सूत्र पाठ करण्यापेक्षा हिशेब करून पाहणं बरं. सेकंदाला 25 फेरे म्हणजे ω सुमारे 157 रेडियन प्रतिसेकंद. 2.5 सेंमी त्रिज्येवरच्या बाजूचा वेग 3.93 मीटर प्रतिसेकंद. बाजू आडवी कापत असताना एका तारेत Blv, म्हणजे 0.1 × 0.1 × 3.93 = 0.0393 व्होल्ट. प्रत्येक वेढ्याला अशा दोन बाजू आणि वेढे 200, म्हणून कमाल व्होल्टेज 15.7. NBAω मध्ये आकडे घातले तरी हेच येतं. वेग 3000 फेरे केला की तारेचा वेग दुप्पट, आणि कमाल व्होल्टेज 31.4. फ्रिक्वेन्सी 25 वरून 50 हर्ट्झ होते हे खरंच, पण दोन्ही एकाच ω मधून येतात. फ्रिक्वेन्सी वाढवून व्होल्टेज जागेवर ठेवायचं तर क्षेत्र कमी करावं लागेल.

वीजकेंद्रात नेमकं हेच क्षेत्र हाताशी असतं. आपल्याकडच्या औष्णिक केंद्रांतली मोठी जनित्रं 50 हर्ट्झसाठी 3000 फेऱ्यांवरच फिरतात. वेग बांधलेला असल्याने व्होल्टेज सांभाळायचं काम चुंबकाच्या कॉइलमधला प्रवाह कमी-जास्त करून होतं. ते पाहून वेगाचा व्होल्टेजशी संबंधच नाही असं वाटणं स्वाभाविक आहे.

दुसरं कारण सायकलचा डायनॅमो. तिथे चुंबक फिरतो आणि कॉइल स्थिर असते, तत्त्व तेच. सायकल जोरात दामटली तरी दिवा एका मर्यादेनंतर फारसा उजळत नाही. पण याचा अर्थ ईएमएफ वाढत नाही असा नव्हे. लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या कॉइलचा प्रेरकीय विरोधही फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतो. ईएमएफ आणि विरोध दोन्ही वेगाच्या प्रमाणात वाढले की प्रवाह जवळपास स्थिर राहतो. पुढचा दिवा उडाला की भार हलका होतो, व्होल्टेज वर चढतं आणि मागचा छोटा दिवाही जातो. हा अनुभव जुन्या सायकलवाल्यांना असेल.

मीटरबद्दल एक सूचना. मल्टिमीटर एसीवर कमाल मूल्य दाखवत नाही, आरएमएस दाखवतो. 15.7 च्या जागी 11.1 दिसलं तर कॉइल सदोष समजून वेढे वाढवायला बसू नका.

आता वेढे. 200 चे 400 केले की ईएमएफ दुप्पट होतो, हे निर्विवाद. पण व्होल्टेज म्हणजे शक्ती नव्हे. आपल्या कॉइलचा एक वेढा 30 सेंमीचा, म्हणजे 200 वेढ्यांना 60 मीटर तार. 0.5 मिमी व्यासाच्या तांब्याच्या तारेत हा रोध सुमारे 5.3 ओहम भरतो. तितक्याच जागेत 400 वेढे बसवायचे तर तारेचा छेद निम्मा करावा लागतो, व्यास सुमारे 0.35 मिमी. लांबी दुप्पट, छेद निम्मा, म्हणून रोध चौपट: 21 ओहम.

1500 फेऱ्यांवर दोन्ही कॉइल्सना 5.3 ओहमचा भार जोडू आणि कॉइलचा प्रेरकीय विरोध बाजूला ठेवू. पहिलीत 11.1 व्होल्ट भागिले 10.6 ओहम, म्हणजे 1.05 अँपिअर आणि भाराला सुमारे 5.8 वॉट. दुसरीत 22.2 भागिले 26.3, म्हणजे 0.84 अँपिअर आणि भाराला जेमतेम 3.8 वॉट. वेढे दुप्पट केले आणि वीज घटली! दुसरीला 21 ओहमचा भार दिला तर पुन्हा 5.8 वॉटच्या आसपास मिळतात, त्याहून जास्त नाही. वेढ्यांची संख्या व्होल्टेज भाराला जुळवण्यासाठी निवडायची असते. जाड तार तशीच ठेवून 400 वेढे घातले तर शक्ती खरोखर वाढते, पण त्याला दुप्पट जागा आणि दुप्पट तांबं लागतं. जागेसाठी चुंबकांमधली फट रुंदावली की क्षेत्र कमी होतं आणि मिळवलेलं बरंचसं निघून जातं.

वेगाचं तसं नाही. त्याच 200 वेढ्यांच्या कॉइलचा वेग 3000 केला, भार 5.3 ओहमच ठेवला, तर प्रवाह 2.1 अँपिअर होतो आणि भाराला सुमारे 23 वॉट मिळतात, चौपट. त्यासाठी आस दुप्पट जोराने पिळावा लागतो आणि तोही दुप्पट वेगाने, म्हणून फिरवणाऱ्याकडूनही चौपट शक्ती खर्च होते. शिवाय भाराला मिळतात तितकेच 23 वॉट कॉइलमध्येही उष्णता म्हणून मुरतात. 0.5 मिमी तारेत 2.1 अँपिअर म्हणजे दर चौरस मिलिमीटरला दहा अँपिअरहून जास्त. हवा खेळती नसेल तर थोड्याच वेळात तारेवरच्या एनॅमलचा वास येऊ लागतो. तो आला की आधी भार काढा, मग वेग कमी करा.