डोकं मोजा, शक व्हा!

नाशकात राहून तुम्ही अजून स्वतःला नुसतं नाशिककर म्हणवून घेत असाल, तर तुमच्यासारखे करंटे तुम्हीच. पोटमाळ्यावरून समाजशास्त्राचं एखादं जुनं पुस्तक खाली काढा, धूळ झटका आणि ‘भारतातील वंश’ हे प्रकरण उघडा. पोटमाळा नसेल तर कॉलेज रोडच्या कुठल्याही क्लासमधल्या मुलाकडून स्पर्धा परीक्षेचं गाइड मागून घ्या. तुमचं खरं नाव तिथे छापलेलं आहे. तुम्ही सिथो-द्रविड आहात. अर्धे शक, अर्धे द्रविड. अभिनंदन!

हे बारसं केलं हर्बर्ट रिस्ले या साहेबाने. 1901 च्या जनगणनेचा हा आयुक्त. माणसांची डोकी आणि नाकं मोजून त्याने सगळ्या हिंदुस्थानाचे सात वंशप्रकार पाडले आणि त्यांतल्या एका खणात मराठी ब्राह्मण, कुणबी आणि पार खाली कुर्गचे लोक एकत्र बसवले. साहेबाचं तर्कशास्त्र तुम्ही तोंडपाठ करून ठेवा, चारचौघांत उपयोगी पडतं. पश्चिम भारतातली डोकी रुंद भरतात. उत्तरेकडच्या आर्यांची आणि दक्षिणेच्या द्रविडांची डोकी तर लांबट. मग हा रुंदपणा आला कुठून? मध्य आशियातून शक आले होते, त्यांचीच ही देणगी. शकांची डोकी कोणी मोजली होती, असं एखादा आगाऊ माणूस विचारेल. त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघायचं. शकांची डोकी रुंद होती हे कशावरून, तर आपली रुंद आहेत त्यावरून. आणि आपली रुंद का, तर शकांची होती म्हणून. इतका पक्का पुरावा कोर्टातसुद्धा मिळत नाही. शकांचं राज्य कुर्गपर्यंत कधी पोचलंच नव्हतं, ही बाब किरकोळ समजावी.

नाशिककरांना तर जास्तीचा पुरावा घरबसल्या उपलब्ध आहे. पाहुणे आले की त्यांना पांडवलेण्यांवर न्या आणि दहाव्या लेण्यासमोर उभं करा. क्षहरात घराण्यातला शक राजा, क्षत्रप नहपान, याचा जावई उषवदात, त्याने खोदवून दिलेलं हे लेणं. शक मंडळी नाशकात होती, हे दगडात कोरलेलं आहे, त्याबद्दल वाद नाही. एवढं सांगून पाहुण्यांना खाली आणा. भिंतीवरचा लेख पुढे वाचू देऊ नका, कारण तो वाचला की गडबड होते. हा ‘परका’ उषवदात ब्राह्मणांना हजारोंनी गाई देतो, बौद्ध भिक्खूंच्या चीवरासाठी पैसे नाशकातल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे, व्याजाने ठेवतो आणि त्याच्या बायकोचं नाव निघतं दक्षमित्रा. त्याच्या डोक्याच्या रुंदीबद्दल मात्र अवाक्षर नाही. तिसऱ्या लेण्यात तर पाहुण्यांना अजिबात फिरकू देऊ नका. तिथे गौतमी बलश्री आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन शक, यवन आणि पहलवांचा नाश करणारा असं करते. गावाजवळच जोगलटेंभीला 1906 मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला निघाला. एवढं ऐकल्यावर पाहुणा विचारतो, की मग तुम्ही जिंकणाऱ्यांचे की हरणाऱ्यांचे? तेव्हा विषय मिसळीकडे वळवावा.

आता प्रत्यक्ष मोजणीकडे. तुमचं घराणं तुम्हाला स्वतःच्या हातांनी सिद्ध करता यावं म्हणून कृती देतो. दोन वाकड्या टोकांचा मोठा कॅलिपर लागेल. भुवयांच्या मधल्या उंचवट्यापासून डोक्याच्या मागच्या सर्वात दूरच्या बिंदूपर्यंत लांबी घ्या. मग कानांच्या वर, जिथे सर्वात जास्त भरेल तिथे, रुंदी घ्या. रुंदीला लांबीने भागा आणि शंभराने गुणा. आलेला आकडा म्हणजे शीर्षनिर्देशांक. 75 च्या खाली लांब डोकं, 80 च्या वर रुंद, मधलं ते मध्यम.

समजा लांबी 188 मिलिमीटर भरली आणि रुंदी 150. भागाकार 79.8. म्हणजे मध्यम. शकत्व थोडक्यात हुकलं! खचून जाऊ नका. कॅलिपरचा दाब जरा सैल करा, केसांची जाडी आत येऊ द्या. रुंदी 152 भरली की निर्देशांक 80.9 होतो आणि तुमचे पूर्वज मध्य आशियातून घोड्यावर बसून निघतात. दोन मिलिमीटरची ही यात्रा. 80 हा आकडा निसर्गाने ठरवलेला नाही, तो मोजणाऱ्यांनी सोयीसाठी आखलेला आहे. एकाच गावातली माणसं मोजली तर ती 75 च्या अलीकडे आणि 80 च्या पलीकडे सलग पसरलेली सापडतात, मध्ये कुठेही फट नसते. कुठल्याही समूहाचा म्हणून जो आकडा पुस्तकात छापलेला असतो, ती त्याची सरासरी. त्या सरासरीचं लेबल प्रत्येकाच्या कपाळावर चिकटवणं ही पुढची, आणि खरी, करामत.

एक गुपित मात्र घराबाहेर जाऊ देऊ नका. आपल्याकडे बाळाला न्हाऊ-माखू घालायला येणारी बाई रोज तेल चोळून त्याचं डोकं ‘बसवते’, नाक चिमटीत धरून सरळ करते. तान्ह्या मुलाला सतत पाठीवर निजवलं की डोकं मागून चपटं होतं, म्हणजे लांबी घटते, म्हणजे निर्देशांक वाढतो. आता ही रुंदी शकांची म्हणायची, की न्हाऊ घालणाऱ्या सखूबाईंची? तिकडे अमेरिकेत फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने 1910 च्या सुमारास स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची मिळून हजारो डोकी मोजली. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची डोकी आईबापांपेक्षा वेगळी भरू लागली होती. फरक किती मोठा यावर संशोधक नंतरही भांडले, पण जे माप वंशाचा अढळ पुरावा म्हणून वापरलं जात होतं तेच हलतंय म्हटल्यावर शास्त्राची पंचाईत झाली. गाइडची झाली नाही.

शकत्वाचा कंटाळा आला तर घाबरू नका, दुसरं घराणं तयार आहे. 1931 च्या जनगणनेच्या वेळी बी. एस. गुहा यांनी नवी मोजणी करून नवं वर्गीकरण मांडलं: निग्रिटो, प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड, मंगोलॉइड, भूमध्यसागरी, पाश्चात्त्य रुंदशीर्ष आणि नॉर्डिक. पश्चिम भारतातल्या रुंद डोक्यांना यात ‘अल्पाइन’ नातेवाईक मिळाले, म्हणजे थेट युरोपातल्या आल्प्सच्या नावाचे. डोकं तेच, तीस वर्षांत गाव बदललं. तुमच्या गाइडमध्ये रिस्लेचे सात आणि गुहांचे सहा हे दोन्ही तक्ते लागोपाठच्या पानांवर सुखाने नांदत असतील. दोन्ही बरोबर कसे, हे विचारायचं नसतं. जोड्या लावायच्या असतात.

नाकाबद्दल बोलल्याशिवाय नाशिकचा लेख पुरा होत नाही. शूर्पणखेचं प्रकरण जिथे घडलं त्या पंचवटीच्या लोकांना नाकाचं महत्त्व कोणी शिकवायला नको. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर. 70 च्या खाली अरुंद, 85 च्या वर रुंद. सामाजिक दर्जा वर जातो तसं नाक अरुंद होतं, असं रिस्लेचं म्हणणं. हे लग्नाच्या बैठकीला फारच सोयीचं आहे. पण तिथे बाबासाहेब आंबेडकरांचं नाव काढू नका. 1948 मध्ये त्यांनी याच मोजणीचे आकडे समोर ठेवून दाखवलं, की एकाच प्रांतातला ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचं माप एकाच जातकुळीचं निघतं. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, आणि द्रविड असतील तर तेही द्रविड. साहेबाची पट्टी घेऊन साहेबाचंच घर मोजण्याचा हा प्रकार.

एवढं होऊनही ही नावं मरत नाहीत, याबद्दल प्रश्नपेढ्या करणाऱ्यांचे आभार मानायला हवेत. वंशाचं नाव चार पर्यायांत बसतं. ‘खालीलपैकी कोणता समूह निग्रिटो?’ याला एक गुण असतो. विद्यार्थी ते पाठ करतो, पास होतो, पुढे त्याच क्लासमध्ये शिकवायला लागतो, आणि शिकवताना स्वतःच्या जुन्या नोट्स काढतो. या साखळीत शंका घ्यायला कुठेच फुरसत नाही, उलट शंका घेणाऱ्याचा एक गुण जातो. शिवाय ‘सावळा’ म्हणण्यापेक्षा ‘प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड’ म्हटलं की मघाचा पूर्वग्रह प्रयोगशाळेतून आल्यासारखा वाटतो. गंगापूर रोडला मोमो खाताना शेजारी उभ्या मुलाला ‘मंगोलियन दिसतोस’ म्हणावं. तो दार्जिलिंगचा असेल, मणिपूरचा असेल, त्याची भाषा कोणती, तो इथे काय शिकतो, एवढी चौकशी करण्याचा त्रास एका शब्दात वाचतो. तो हसला नाही तर ‘अरे, पुस्तकात आहे’ म्हणावं.

अलीकडे काही सावध लेखक मात्र रंगाचा बेरंग करतात. ते ‘आर्य वंश’ लिहीत नाहीत. ‘इंडो-आर्य भाषा बोलणारे’ लिहितात आणि वर सांगतात, की भाषा शेजाऱ्याकडूनही शिकता येते, कवटी येत नाही. रिस्लेचा शब्द वापरायची वेळ आलीच तर ‘रिस्लेने 1901 मध्ये ज्यांना सिथो-द्रविड म्हटलं’ असं त्याच्याच गळ्यात बांधून ठेवतात. जुन्या हाडांच्या डीएनएबद्दल लिहिताना कुठल्या काळातली, कुठल्या जागची, किती नमुन्यांवरून हे आधी सांगतात आणि मग वंशजतेचं प्रमाण देतात, ज्यात प्रत्येकाकडे थोडं थोडं सगळंच निघतं. रिचर्ड लेवॉन्टिन या आनुवंशशास्त्रज्ञाने 1972 मध्ये रक्तगट आणि प्रथिनांवरून हिशेब मांडला होता, की माणसांमधल्या आनुवंशिक विविधतेपैकी सुमारे 85 टक्के विविधता एकेका समूहाच्या आतच असते. समूहासमूहांत फरकच नसतात असं हे लेखकही म्हणत नाहीत. फरक हळूहळू बदलत जातात, खणांत मावत नाहीत, एवढंच म्हणतात. याने कोणाचं समाधान होणार? ‘महाराष्ट्रातले लोक कोण?’ या प्रश्नाला त्यांचं उत्तर अर्धं पान भरतं, आणि गाइडच्या तक्त्यात त्या ओळीला जागा आहे दोन शब्दांची.

तेव्हा परीक्षा जवळ असेल तर निमूट पर्याय ‘ब’ला खूण करा. नंतर लेख लिहायला बसाल तेव्हा कॅलिपर बाजूला ठेवता येईल का ते बघा. ठेवताना टोकं आत दुमडून ठेवा, लागतात.