प्रतिक्रियेला उत्तर: दोन डबे पुरेत का?

कचऱ्याच्या दहा वस्तू हाताळून कुठल्या कचऱ्याचं काय करायचं याच्या पाच पायऱ्या तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवणारा पाठ मी एका लेखात दिला होता. त्यावर आलेली वाचकाची प्रतिक्रिया:

"लेख वाचला. तिसरी-चौथीच्या पोरांना ओला आणि सुका एवढे दोन डबे कळले तरी पुष्कळ झालं, ही पाच पायऱ्यांची उतरंड त्यांच्या डोक्यावरून जाणार. शिवाय चाळीस मिनिटांत एवढं बसत नाही. शाळेत कचरा आणून मुलांना सफाई कामगार बनवायचंय का? ज्यांनी कधी हातात खडू धरला नाही त्यांनी असले पाठ लिहू नयेत. – एक निवृत्त मुख्याध्यापक"

सर, नमस्कार.

खडूचं आधी सांगते. तिसरी-चौथीचे वर्ग मीही पुष्कळ वर्षं घेतले आहेत. तेवढंच सांगून थांबते, कारण पाठ बरोबर की चूक हे खडू कुणाच्या हातात होता यावरून ठरत नाही. पाठात नेमकं काय चुकलं ते तुम्ही दाखवलं असतंत तर मी आधी त्यालाच उत्तर दिलं असतं. आणि "सफाई कामगार बनवायचंय का" हे वाक्य ज्या सुरात आलंय, तो सूर मला बोचला. तुमच्या-माझ्या घरचा कचरा कुणीतरी हाताने वेगळा करतंच आहे. ते काम मुलांनी नुसतं पाहणंही तुम्हाला कमीपणाचं वाटत असेल, तर या पाठाची गरज कुणाला आहे ते मी वेगळं सांगत नाही. स्वच्छतेचं म्हणाल तर वस्तू धुऊन वाळवलेल्या, काच, पातं, औषधं नाहीत, शेवटी साबणाने हात धुणं, हे सगळं मूळ लेखात आहे. लेख वाचला म्हणता, तर ते दिसायला हवं होतं.

आता "दोन डबे पुष्कळ झाले" या वाक्याकडे येते.

पाठातली दहा वस्तूंची टोपली समोर धरा. दुधाची धुतलेली पिशवी, वेफर्सचं रिकामं पाकीट, अर्धी कोरी वही, पुठ्ठ्याचा खोका, वडापावचा तेलकट कागद, केळ्याचं साल, झाकणाची प्लास्टिक बरणी, फाटका टी-शर्ट, संपलेला बॉलपेन आणि रिमोटचा सेल. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो छोट्या बरणीत ठेवायचा. पाच मुलांचा गट, प्रत्येकाच्या ताब्यात दोनच वस्तू, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. हा नियम नसेल तर एकच चुणचुणीत मूल सगळं लावून मोकळं होतं आणि बाकीचे चौघं बघत बसतात. सहा गट असतील तर वस्तू होतात साठ, म्हणून गोळा करायला आठ दिवस आधी सुरुवात करावी लागते.

पहिली फेरी तुमच्याच दोन डब्यांची, आणि घातक वस्तूंसाठी बाजूला एक लाल कागद. साल ओल्यात. तेलकट कागदावर वाद होतो, होऊ द्यावा. तेल लागलेला कागद रद्दीत चालत नाही, कारण कागदाचा लगदा पाण्यात करतात आणि तेल पाण्यात मिसळत नाही. म्हणून तो फाडून सालाबरोबर खतात जातो. सेल लाल कागदावर. उरल्या सात वस्तू, त्या सगळ्या सुक्यात. इथेच माझं-तुमचं बिनसतं. दहापैकी सात वस्तू एका ढिगात पडल्या आणि मुलांच्या दृष्टीने काम संपलं! अर्धी कोरी वही आणि वेफर्सचं पाकीट शेजारी-शेजारी. वहीची पानं अजून लिहायला येतात, पाकीट भंगारवालासुद्धा उचलत नाही, आणि आपण मुलांना सांगतो की दोन्ही "सुका". डबा वस्तू कशाची आहे हे सांगतो. तिचं पुढे काय करायचं, आणि ती मुळात आणायला हवी होती का, हे तो सांगत नाही. त्यासाठी दुसरी फेरी लागते.

दुसरी फेरी जमिनीवर. खडूने पाच रकाने आखायचे, सगळ्यात वरचा पाच फरशा रुंद, खाली येताना एकेक फरशी कमी, शेवटचा एकच फरशीचा. वरून खाली: टाळणं, पुन्हा वापरणं, नवं रूप देणं, जाळून उष्णता घेणं, पुरणं. हा क्रम माझ्या मनाचा नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये त्याची व्याख्याच दिली होती, टाळणं सगळ्यात पसंतीचं आणि पुरणं सगळ्यात नापसंतीचं. नेदरलँड्समध्ये आड लान्सिंक यांनी 1979 मध्ये तिथल्या संसदेत हा क्रम मांडला आणि त्याला आजही लान्सिंकची शिडी म्हणतात.

आता सुक्यातल्या सात वस्तू मुलांना ठेवायला सांगा. हमखास होतं ते असं: वही आणि टी-शर्ट "पुन्हा वापरणं"मध्ये, बाकी पाचही "नवं रूप"मध्ये. तो रकाना तीनच फरशांचा, वस्तू मावत नाहीत, खोका बाहेर लोंबतो. पुनर्चक्रण हा शब्द मुलांनी इतका ऐकलेला असतो की प्लास्टिक दिसलं की हात तिकडेच जातो. इथे "चूक" म्हणायचं नाही, एकच प्रश्न विचारायचा: भंगारवाला घेईल का? पुठ्ठा घेईल. बरणी घेईल, पण स्वयंपाकघरात ती आधीच डाळीसाठी पळवतात, म्हणजे ती एक पायरी वर चढली. पेन घेणार नाही, कारण त्यात प्लास्टिक, धातूचं टोक आणि शाई एवढ्याशा जागेत एकत्र, ते सोडवायचे कष्ट कुणालाच परवडत नाहीत. वेफर्सच्या पाकिटाची तर परीक्षाच घेता येते. मुठीत घट्ट चुरगाळा आणि मूठ उघडा. कागद चुरगळलेला राहतो, पाकीट हळूहळू उलगडत पुन्हा पसरतं. आतून चकचकीत दिसतं म्हणून मुलं त्याला धातू समजतात, पण ते प्लास्टिकच असतं, त्यावर धातूचा अगदी पातळ थर. हे थर एकमेकांना असे चिकटलेले की वेगळे करणं सोपं नाही, म्हणून ते चौथ्या रकान्यात. असली पाकिटं सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून देतात.

चौथ्या रकान्यात एक धोका आहे, तो आधीच सांगून ठेवते. "जाळून उष्णता" ऐकल्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, मग आम्ही अंगणात जाळतो ते चालतं! नाही चालत. सिमेंटच्या भट्टीत माल 1400 अंशांच्या वर तापतो, अंगणातल्या शेकोटीत प्लास्टिक अर्धवट जळतं आणि उरलेलं धूर होऊन नाकात जातं. नियमांनीही उघड्यावर जाळायला बंदी आहे. हे सांगायला वेळ नसेल तर तिसरीला चौथा रकाना गाळून चारच ठेवा. पाकीट आणि पेन मग खालच्या रकान्यात एकत्र जातील, तेवढं खोटं चालेल.

मात्र तुम्ही विचारायला हवा होतात असा खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे. सगळी मांडामांड झाल्यावर वरचा, सगळ्यात रुंद रकाना रिकामा राहतो. राहणारच, कारण टाळलेली वस्तू वर्गात नसते, ती टोपलीतून काढून ठेवणार कशी? या रिकाम्या जागेपाशी पाठ बहुतेक वेळा फसतो. शिक्षक घाईने म्हणतात, "कचरा कमी करा," मुलं एका सुरात "हो" म्हणतात आणि तास संपतो. म्हणून प्रत्येक गटाला कोऱ्या कागदाच्या तीन चिठ्ठ्या द्यायच्या. खालची एक वस्तू निवडायची आणि ती आलीच नसती तर काय केलं असतं ते चिठ्ठीवर लिहायचं. कुणी, केव्हा आणि काय, तिन्ही हवं. "प्लास्टिक वापरू नये" ही चिठ्ठी परत. "पेन संपला की मी शनिवारी दुकानातून फक्त कांडी आणीन" ही चिठ्ठी वरच्या रकान्यात. पेन खालून उचलून चिठ्ठीखाली ठेवायचा. रकाने का अरुंद होत जातात हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

दुधाच्या पिशवीवर एक गट पूर्ण फिरवून पाहा, तिला बहुतेक पायऱ्या लागू पडतात. न धुता टाकली तर वास मारते, ओल्यात मिसळते आणि शेवटी पुरायला जाते. धुऊन वाळवली तर भंगारवाला घेतो. एका बाजूने कापून खाली भोकं पाडली तर रोपाची पिशवी होते. डेअरीवर सुटं दूध मिळत असेल आणि घरून बरणी नेली तर पिशवी घरी येतच नाही. आणि कापायची कशी हेही दाखवा. कोपरा पूर्ण कापला की बोटाएवढा तुकडा वेगळा होतो आणि मोरीत जातो, तो पुढे कुणाच्याच हाती लागत नाही. कोपरा अर्धवट कापून लोंबता ठेवायचा. हे मूल घरी जाऊन त्याच संध्याकाळी करतं, आणि तुम्ही म्हणता डोक्यावरून जातं.

एक मात्र मान्य. "उतरंड" शब्द चुकला, पण तुम्ही म्हणता त्या कारणाने नाही. उतरंडीत मोठं मडकं खाली आणि लहान वर असतं, आपल्याला हवंय नेमकं उलटं. ज्या मुलाने आजीच्या घरी उतरंड पाहिली असेल ते सगळ्यात मोठा रकाना खाली आखणार, म्हणजे पुरणं सगळ्यात मोठं. "शिडी" म्हणावं. मूळ लेखात बदल केला आहे.

चाळीस मिनिटांचंही थोडं खरं आहे. दोन तासिका घ्या, पहिलीत पहिली फेरी, दुसऱ्या दिवशी शिडी आणि चिठ्ठ्या. मधल्या रात्री साल वर्गात ठेवू नका, मुंग्या टोपलीभर होतात. दुसऱ्या दिवशी डब्यातल्या केळ्याचं ताजं मिळतंच.